उधारीची आठवण: रक्कम लिहा, धमकी काढा

*आमचं चिकोडी तालुक्यात किराणा दुकान आहे. साठेक घरांची उधारी वहीवर चालते. महिनाअखेरीला मी व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना एकच निरोप टाकतो: ‘सर्व ग्राहकांना कळविण्यात येते की ज्यांची उधारी थकीत आहे त्यांनी ती त्वरित जमा करावी, अन्यथा यापुढे उधार माल दिला जाणार नाही. सहकार्य करावे.’ देणारे तसेही देतात, न देणारे वाचून गप्प बसतात. परवा एका जुन्या घरच्या मावशींनी चारचौघांत विचारलं, “आमचं काय राहिलंय रे?” त्यांचं काहीच राहिलं नव्हतं. त्या आता दुसऱ्या दुकानात जातात. पैसे मागायला तर हवेत, पण माणूस तुटायला नको. निरोप कसा लिहू?*
*एक दुकानदार, चिकोडी तालुका*

तुमच्या निरोपात दोन गोष्टी नाहीत: नाव आणि रक्कम. नाव नसल्यामुळे ज्याच्याकडे बाकी आहे तो समजतो की हे दुसऱ्या कुणाला तरी लिहिलंय, आणि ज्याचं काही राहिलेलं नाही त्याला ते लागतं. रक्कम नसल्यामुळे ज्याला खरंच द्यायचं आहे त्यालाही आधी दुकानात येऊन “माझं किती?” असं विचारावं लागतं. गल्ल्यापुढे चार गिऱ्हाइकं उभी असताना हे विचारणं बहुतेकांना जड जातं. मग तो म्हणतो, पुढच्या आठवड्यात बघू. बऱ्याच वेळा पैसे अडतात ते इथेच, पैसे नसल्यामुळे नव्हे.

म्हणून पहिला नियम असा की ज्याची बाकी आहे त्यालाच, त्याच्या एकट्याच्या फोनवर, त्याच्या आकड्यासह निरोप जायला हवा. गटावर नको, ब्रॉडकास्ट यादीवर नको, आणि दुकानातल्या फळ्यावर नावांची यादी तर मुळीच नको. ब्रॉडकास्टमध्ये प्रत्येकाला वेगळी रक्कम घालता येत नाही. शिवाय ज्यांनी तुमचा नंबर साठवलेला नाही त्यांच्यापर्यंत तो निरोप पोचतही नाही, आणि तुम्ही मात्र समजता की सगळ्यांनी वाचला.

निरोप लिहिण्याआधी वही बघा. रक्कम लिहायची ठरवलीत की ती बरोबर असायलाच हवी. गुळमुळीत निरोप एक वेळ खपून जातो, पण चुकीचा आकडा खपत नाही. एक खातं धरून हिशेब करू. समजा एका तात्यांच्या खात्यावर ऑगस्टअखेर १,८६० रुपये बाकी होती. सप्टेंबरात २,४३५ रुपयांचा माल गेला आणि १४ तारखेला त्यांनी गल्ल्यावर १,००० रुपये दिले. वहीप्रमाणे १,८६० अधिक २,४३५ म्हणजे ४,२९५, त्यातून १,००० वजा केले की ३,२९५. हाच आकडा पाठवला तर काय होईल? तात्यांच्या घरून उत्तर येईल, “२२ तारखेला फोनवरनं ५०० मारले होते की!” आणि ते खरं असेल.

ही चूक हल्ली सगळ्यात जास्त होते. रोख पैसे हातात येतात, म्हणून लगेच वहीत जमा होतात. क्यूआर कोडवर आलेले पैसे मात्र थेट बँकेत जातात. क्यूआरचा बोलणारा डबा रक्कम सांगतो तेव्हा तुम्ही साखर जोखत असता, आणि रात्री यादी बघायला गेलात तर तिथे खातेदाराचं नाव नसतं, ज्याच्या फोनवरून पैसे आले त्याचं असतं. खातं तात्यांच्या नावावर, पैसे पाठवले सुनेने, आणि सुनेचं बँकेतलं नाव माहेरचं. अशी रक्कम कुणाच्याच नावावर जमा होत नाही. यावर उपाय एकच: रोज रात्री दुकान बंद करताना फोनमधली त्या दिवसाची जमेची यादी वहीशी लावायची, प्रत्येक रक्कम ज्या त्या खात्यावर चढवायची आणि पुढे ‘फोन’ असं लिहायचं. एखाद्या रकमेचं घर ओळखू येत नसेल तर ती वेगळ्या पानावर टिपून दुसऱ्या दिवशी विचारा. महिनाअखेरीला तीस दिवसांचं एकदम लावायला बसलात तर कोण कुणाची सून हे आठवत बसावं लागेल.

हे ५०० वजा केल्यावर तात्यांची खरी बाकी २,७९५ रुपये राहते. आता निरोप:

> नमस्कार तात्या,
> आपल्या खात्याचा 30 सप्टेंबरपर्यंतचा हिशेब पाठवत आहे.
> मागची बाकी: रु. 1,860
> सप्टेंबरचा माल: रु. 2,435
> जमा (14 ता. रोख, 22 ता. फोन): रु. 1,500
> \*येणे बाकी: रु. 2,795\*
> 10 ऑक्टोबरपर्यंत दिलेत तर बरं होईल. एकदम जमत नसेल तर आता किती आणि राहिलेले कधी ते सांगा, तसं वहीत लिहून ठेवतो.
> आकड्यात फरक वाटला तर कधीही या, वही बघू. या दोन दिवसांत पैसे दिले असतील तर हा निरोप सोडून द्या.
> (तुमचं नाव, दुकानाचं नाव)

सुरुवात नमस्काराने केली आहे ती नुसती रीत म्हणून नाही. फोन लॉक असला तरी पडद्यावर निरोपाच्या पहिल्या ओळी दिसतात, आणि तात्यांचा फोन बहुतेक वेळा नातवाच्या हातात असतो. पहिल्याच ओळीत रक्कम असेल तर ती घरभर होते. म्हणून रक्कम खाली ठेवा, पण ती ठळक दिसू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर ओळीच्या दोन्ही टोकांना * ही खूण घातली की अक्षर जाड होतं. ‘तात्या’च्या जागी तुम्ही एरवी त्या माणसाला जे म्हणता तेच लिहा: मामा, अक्का, वहिनी, काकू, अण्णा. एरवी ‘मामा’ म्हणणाऱ्याने निरोपात ‘आदरणीय ग्राहक’ लिहिलं की समोरच्याला वाटतं आता हा कोर्टात जाणार.

हिशेबाच्या ओळी चारच ठेवल्या आहेत. नुसती २,७९५ ही रक्कम लिहिली तर “एवढे कसे?” हा प्रश्न येतो आणि तो सुटेपर्यंत पैसे थांबतात. उलट तेल किती, तूरडाळ किती, कुठल्या तारखेला कोण घेऊन गेलं असा सगळा पाढा वाचलात तर ते आरोपपत्र होतं. चार ओळींतून रक्कम कशी आली ते कळतं, आणि बारीक तपशील वहीत आहे हेही कळतं. जमेची ओळ कधीही गाळू नका. आपण दिलेले पैसे लिहिलेले दिसले की माणसाचा आकड्यावर विश्वास बसतो, आणि जमा लिहिताना राहून गेलेली रक्कम तुमच्याही लक्षात येते.

‘पर्यंत’ची तारीख दोन ठिकाणी लागते आणि त्या दोन्ही वेगळ्या. एक हिशेबाची तारीख, म्हणजे हा आकडा कुठल्या दिवसाचा आहे. ती नसेल तर ३० तारखेला काढलेला आकडा तुम्ही ४ तारखेला पाठवता, मधे त्यांनी एक हजार दिलेले असतात आणि वाद सुरू होतो. दुसरी पैसे देण्याची तारीख. ‘सवडीने द्या’ असं कितीही गोड वाटलं तरी लिहू नका, ती सवड कधी येत नाही. ‘थोडेथोडे दिले तरी चालेल’ हेही टाळा. मग शंभराची नोट येते आणि तुम्ही काही म्हणू शकत नाही, कारण चालेल असं तुम्हीच म्हटलं होतं. ‘आता किती आणि राहिलेले कधी’ असं विचारलं की आकडा समोरचा माणूस स्वतःच सांगतो, आणि स्वतः सांगितलेला आकडा तो पाळायला बघतो.

तारीख सगळ्यांना सारखी लावू नका. शिक्षक, बँकेतले, कारखान्यात पगारावर असलेले यांना १० तारीख ठीक. आठवड्याचा पगार असणाऱ्यांना पगाराच्या दुसऱ्या दिवसाची तारीख द्या आणि रक्कम दोन-तीन हप्त्यांत वाटून सुचवा. उसावर अवलंबून असलेल्या घरांचं गणित निराळं. कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. ऊस गेल्यावर १४ दिवसांत पैसे द्यावेत असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम आहे, पण बिलं त्याहून उशिरा येतात हे तुमच्या भागात कुणाला सांगायला नको. अशा घराला ‘१० ऑक्टोबरपर्यंत सगळे द्या’ म्हणणं म्हणजे नाही म्हणायला लावणं. त्यांच्यासाठी खात्याचे दोन भाग करा आणि निरोपात तसं लिहा:

> मागची बाकी रु. 1,860 उसाच्या पहिल्या बिलावर देऊ असं आपलं ठरलंय, ती तशीच ठेवली आहे. सप्टेंबरचे राहिलेले रु. 935 मात्र 10 तारखेपर्यंत द्यावेत, ही विनंती.

इथे सप्टेंबरच्या २,४३५ मधून त्या महिन्यात आलेले १,५०० वजा केले आहेत. एरवी आलेले पैसे आधी जुन्या बाकीत वळवण्याची सवय दुकानदारांना असते. वर तसं केलं तर जुन्याचे ३६० आणि सप्टेंबरचे २,४३५ राहतात. एकूण दोन्हीकडे तेच २,७९५, पण मागायचा आकडा बदलतो. कुठली पद्धत ठेवायची हे त्या घराशी बोलून एकदाच ठरवा आणि वहीच्या त्या पानावर डोक्यावर लिहून ठेवा. नाहीतर दर महिन्याला नवा घोळ.

निरोपातले अंक मी मुद्दाम इंग्रजी ठेवले आहेत. चिकोडी, हुक्केरी, रायबाग भागात मराठी बोलणाऱ्या पण शाळा कन्नडमध्ये झालेल्या घरांची संख्या मोठी आहे. त्यांना मराठी ऐकून कळतं, पण अक्षर वाचताना अडखळतात आणि मराठी अंकांत तर नक्कीच गोंधळ होतो. शिवाय पैसे पाठवताना फोनवर तेच इंग्रजी अंक दाबायचे असतात. कन्नड वाचणाऱ्या घरांना सगळा निरोप कन्नडमध्येच पाठवलेला बरा. मुख्य ओळ अशी होईल: ‘निम्म खातेयल्लि 2,795 रूपायि बाकि इदे. दयविट्टु 10ने तारीखिनोळगे कोडि.’ ही ओळ कन्नड लिपीत लिहा आणि बाकीचा मजकूर कन्नड शाळेत शिकलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाकडून एकदा नीट करून घ्या. ‘अण्णा’, ‘अक्का’ दोन्ही भाषांत चालतात, तिथे अडचण नाही.

साठ घरांत बाकी असणारी वीस-पंचवीस असतील. त्या प्रत्येकाला वेगळं लिहायचं म्हणजे वेळ जाणार असं वाटेल, पण साचा एकदा तयार केला की फक्त नाव, चार आकडे आणि तारखा बदलायच्या. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस वापरत असाल तर त्यात हा साचा झटपट उत्तर म्हणून साठवता येतो. इथे एक धोका आहे. घाईत आधीच्या माणसाचा निरोप पुढच्याला पाठवून त्यातले आकडे बदलायचे राहतात, आणि एका घरची बाकी दुसऱ्या घराला कळते. त्यानंतर कितीही माफी मागितलीत तरी उपयोग नाही. म्हणून साच्यात आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा ठेवा. चुकून तसाच गेला तर रेघा दिसतील, दुसऱ्याची रक्कम दिसणार नाही. पाठवण्याआधी वर कुणाचं नाव आहे आणि वहीतलं पान कुणाचं आहे हे बोट ठेवून जुळवा. एका गावात पाटील किती आणि त्यांतले बाळासाहेब किती, हे तुम्हाला माहीत आहेच.

ज्या घरात कर्ता एक आणि माल नेणारी दुसरीच व्यक्ती असते तिथे निरोप कुणाला पाठवायचा हे आधी विचारून घ्या. वहिनींनी घरखर्चातून भागवायचं ठरवलेलं असतं आणि तुम्ही दादांना निरोप पाठवता. मग भांडण त्यांच्या घरात होतं आणि गिऱ्हाईक तुमचं जातं. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना हाच मजकूर अर्ध्या पानावर लिहून, घडी घालून, सामानाच्या पिशवीत स्वतः ठेवा. कागदावर रक्कम अक्षरीही लिहा: रु. २,७९५/- (दोन हजार सातशे पंच्याण्णव). लहान मुलाच्या हाती चिठ्ठी देऊ नका. ते वाटेत वाचून घेतं आणि शाळेत सांगतं.

मावशींचं आजच करा. त्यांना एक ओळ पाठवा: ‘मावशी, तुमचं खातं पूर्ण चुकतं झालेलं आहे, काहीही बाकी नाही. तो निरोप तुम्हाला जायला नको होता.’ एवढंच. कशामुळे गेला, व्हॉट्सअ‍ॅपने काय केलं, हे सांगत बसू नका.

१० तारीख उलटली आणि उत्तर नाही, तर दोन-तीन दिवस थांबून दुसरा निरोप पाठवा. पहिलाच परत ढकलू नका, तो टोचतो. दुसरा छोटा असावा, हिशेब पुन्हा मांडू नये, पण रक्कम असावीच:

> तात्या, सप्टेंबरच्या हिशेबातले रु. 2,795 अजून यायचे आहेत. या आठवड्यात किती जमेल तेवढं कळवा.

यालाही उत्तर आलं नाही तर तिसरा निरोप लिहू नका. लेखी तीनदा मागितलं की ती तक्रार वाटते. दुपारी दुकानात गर्दी नसताना गाठा किंवा फोन करा. उधार थांबवायची वेळ आलीच तर ती गोष्टही त्या एकट्यालाच, रकमेला धरून सांगा: “तात्या, हे २,७९५ मिटेपर्यंत नवीन माल रोखीने घेऊया, मग खातं परत चालू करू.” तुमच्या जुन्या निरोपातल्या ‘अन्यथा’मागे हेच म्हणणं होतं. फक्त ते साठ घरांना सांगण्याऐवजी एकालाच सांगितलं, आणि खातं परत कधी सुरू होईल हेही सांगितलं. व्याज लावायचं आधी ठरलेलं नसेल तर ते या टप्प्यावर निरोपात घुसवू नका. मूळ रकमेवरचं बोलणं राहतं बाजूला आणि व्याजावरचं भांडण सुरू होतं.

पैसे आले की त्याच दिवशी पोच द्या: ‘रु. 1,500 मिळाले, 9 ऑक्टोबर. राहिले रु. 1,295.’ अर्धे पैसे आले तेव्हा हे विशेष गरजेचं, कारण उरलेला आकडा तिथल्या तिथे दोघांनाही मान्य होतो आणि पुढच्या महिन्याची ‘मागची बाकी’ वादाविना सुरू होते. पूर्ण आले तर ‘खातं चुकतं झालं’ असं लिहा.

दोन वर्षांहून जुन्या, मोठ्या बाकीला मात्र नुसता निरोप पुरत नाही. उधार मालाच्या किमतीचा दावा करायला १९६३ च्या मुदत कायद्यात तीन वर्षांची मुदत आहे. पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल तर ती माल दिल्यापासून मोजतात. तुम्ही कितीही वेळा आठवण पाठवलीत तरी ही मुदत वाढत नाही. ती नव्याने सुरू होते ती गिऱ्हाइकाने मुदतीच्या आत बाकी लेखी, स्वतःच्या सहीने कबूल केली तर. काही रक्कम भरली तरी चालते, पण त्या भरण्याची नोंद त्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीची हवी. दावा झालाच तर नुसत्या तुमच्या वहीतल्या नोंदीवर तो सिद्ध होत नाही, सोबत दुसरा पुरावा लागतो. म्हणून अशा खात्यांवर तात्या पुढच्या वेळी पाचशे रुपये घेऊन आले की वहीतल्या जमेच्या ओळीपुढे तारीख घाला, खाली उरलेली बाकी लिहा आणि पेन त्यांच्या हातात द्या: “इथे एक सही करा, म्हणजे माझ्या पोराच्याही लक्षात राहील.”